९६ पानांच्या टेंडरमधून कामाची दोन पानं कशी काढायची

मी तालुक्याच्या गावी टेंडर भरून देण्याचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वीस लाख ते पन्नास लाखांची कामं करणारे ठेकेदार. सेंट्रिंग, स्टील, मजूर हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. टेंडरची फाईल उघडली की मात्र शेवटच्या पानावर जाऊन रक्कम बघतात आणि विचारतात, "किती टक्के खाली जायचं?"

तो प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: आपण पात्र आहोत का, कोणत्या तारखेला काय करायचं आहे, आणि चुकलो तर किती रुपये जातील. ही तीन उत्तरं फाईलमध्ये एका जागी कधीच नसतात. ती वेचून काढून दोन पानांवर कशी आणायची, ते एका कामावरून सांगतो. काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यातलं, म्हणजे अंदाजित रकमेवर टक्के कमी किंवा जास्त असा दर भरायचं. गावांतर्गत सिमेंट काँक्रीटचा रस्ता आणि बाजूची गटार. अंदाजित किंमत ४२,००,००० रुपये, मुदत ६ महिने पावसाळ्यासह. ठेकेदाराची ओळख पटू नये म्हणून त्याचे आकडे गोल केले आहेत.

आधी फाईल वाचता येते का ते बघा

mahatenders.gov.in वर टेंडरच्या पानावरून सगळ्या फाईली उतरवून घ्या. त्यात साधारण `Tendernotice_1.pdf`, सविस्तर निविदा पुस्तिका, दर भरायची `BOQ` ची एक्सेल फाईल आणि असतील तर नकाशे असतात. शुद्धिपत्रक निघालेलं असेल तर ते `Corrigendum` खाली वेगळं दिसतं. ते सगळ्यात आधी उघडा. मूळ पुस्तिका तासभर वाचल्यावर मुदत आणि अट दोन्ही बदलल्याचं कळणं फार जिवावर येतं.

आता पीडीएफमध्ये Ctrl+F दाबून "निविदा" हा शब्द शोधा. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात तो दिसत असूनही सापडला नाही, तर फाईल एक तर स्कॅन केलेली आहे किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. जुन्या फाँटचं लिखाण डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की भलतीच अक्षरं उमटतात. अशा फाईलमध्ये "दंड" शोधून "सापडलं नाही" असं आलं, म्हणून दंडच नाही असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. स्कॅन फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून Google Docs मध्ये उघडली की मजकूर बऱ्यापैकी शोधण्याजोगा होतो. पण तो फक्त जागा सापडण्यापुरता वापरा. आकडा आणि तारीख मूळ पानावर डोळ्यांनी बघूनच लिहा, कारण या रूपांतरात टक्क्यातला दशांश चिन्हाचा ठिपका हमखास गळतो.

पुस्तिकेतला निम्मा मजकूर इंग्रजी असतो, तेव्हा शोध दोन्ही भाषांत घ्यावा लागतो. पात्रतेसाठी `eligib`, `qualif`, `similar`, `turnover`, `capacity`, `reject` आणि "पात्र", "बाद", "बंधनकारक". तारखांसाठी `days`, `within`, `validity` आणि "दिवस", "मुदत". पैसे जाण्याच्या अटींसाठी नुसतं `penalty` शोधून भागत नाही. बी-१ मध्ये उशिराच्या दंडाला दंड म्हटलेलंच नाही, त्याला "नुकसानभरपाई" म्हटलं आहे. म्हणून `compensation`, `forfeit`, `recover`, `deduct`, `risk and cost`, `debar` आणि मराठीत "भरपाई", "जप्त", "वसूल", "कपात", "काळ्या यादीत" हे सगळं फिरवून बघा. शब्दाचं शेपूट तोडून शोधायचं, म्हणजे `eligible` आणि `eligibility` दोन्ही हाती लागतात.

जे सापडेल ते वहीत एकाच पद्धतीनं लिहा. अट काय, पान किती, कलम किती, आणि त्यासाठी मला काय लागणार. पान क्रमांक लिहायचा कंटाळा करू नका. पुढे कार्यालयात शंका विचारायची वेळ आली की त्याच क्रमांकावर सगळं चालतं.

पात्रता: अट वेगळी, पुरावा वेगळा

एका नोटिशीत दहा-बारा कामं असली तर आपल्या कामाच्या ओळीत वर्गवारी कोणती आहे ते पहिल्यांदा बघा. खुला, सुशिक्षित बेरोजगार अभियंता, किंवा मजूर सहकारी संस्था. काम मजूर संस्थेसाठी राखीव असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. तसंच आपल्या नोंदणीचा वर्ग आणि नोंदणीची मुदत. या दोन गोष्टींत पाच मिनिटं जातात आणि त्यातच निम्मी टेंडरं गळतात.

मग खरी अडचणीची अट येते, समान स्वरूपाच्या कामाची. आपल्या पुस्तिकेत पान ११ वर अशा अर्थाचं होतं: निविदाकारानं मागील ५ आर्थिक वर्षांत मुख्य ठेकेदार म्हणून समान स्वरूपाचं किमान एक काम, अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी नाही एवढ्या रकमेचं, समाधानकारकरीत्या पूर्ण केलेलं असावं.

एकच वाक्य, पण त्यात पाच अटी आहेत. रक्कम, काळ, भूमिका, कामाचा प्रकार आणि पूर्णत्व. ४२ लाखांचे ४० टक्के म्हणजे १६,८०,००० रुपये. आमच्या ठेकेदाराकडे दोन कामं होती. एक २४ लाखांचा रस्ता आणि दुसरा १४,५०,००० चा.

"चोवीसचं आहे की दादा, मग काळजी कशाची?" तो म्हणाला.

मी विचारलं, "कार्यारंभ आदेश कुणाच्या नावावर आहे?"

आदेश दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर होता. यानं ते काम पोटठेक्यात केलं होतं. रस्ता यानंच ओतला हे सगळ्या गावाला माहीत, पण कागदावर "मुख्य ठेकेदार" दुसराच. ते काम गेलं. उरलं साडेचौदा लाखांचं, आणि ते १६,८०,००० ला पुरत नव्हतं. इथे बरेच जण फाईल मिटतात.

पण चार पानं पुढे, पान १५ वर, एक छोटा तक्ता होता. जुन्या कामाची किंमत आजच्या पातळीवर आणण्यासाठी गुणक दिले होते. एका वर्षापूर्वीच्या कामाला १.१०, दोन वर्षांपूर्वीच्या कामाला १.२१, असे पुढे. ते काम दोन वर्षांपूर्वीचं होतं. १४,५०,००० गुणिले १.२१ म्हणजे १७,५४,५००. बसला. हा तक्ता प्रत्येक टेंडरमध्ये असतोच असं नाही आणि असला तरी गुणक तेच असतील असंही नाही. म्हणून आकडा मागच्या टेंडरवरून उचलू नका. पण पात्रतेची अट वाचून झाली की ती सैल किंवा घट्ट करणारं दुसरं वाक्य जवळपास कुठे आहे का, हे `similar` शब्दाच्या शेवटच्या उल्लेखापर्यंत जाऊन बघायचंच.

आता पुरावा. पान १७ वर, कागदपत्रांच्या यादीत, लिहिलं होतं की काम पूर्ण झाल्याचा दाखला कार्यकारी अभियंत्यापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचा असावा. आमच्या ठेकेदाराचा दाखला ग्रामपंचायतीचा होता. काम खरं, रक्कम बरोबर, तरी लिफाफा क्रमांक १ मध्येच, म्हणजे कागदपत्रांच्या छाननीतच, बाद झाला असता. त्या कामावर तांत्रिक देखरेख जिल्हा परिषदेच्या उपविभागाची होती, म्हणून तिथून कागद वर नेऊन कार्यकारी अभियंत्यांची सही मिळणं शक्य होतं. अशक्य नव्हतं, पण दिवस लागणार होते. वहीत पात्रतेच्या ओळीपुढे म्हणूनच एक तारीखही लिहावी लागते.

काम करण्याची क्षमता: N मध्ये लोक फसतात

याच पुस्तिकेत निविदा क्षमतेचं सूत्र होतं, जे मोठ्या कामांत हमखास आणि अशा कामांत कधी कधी असतं.

```
(A × N × 2) − B
```

A म्हणजे मागील ५ वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षात केलेल्या कामांची सर्वाधिक रक्कम. N म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. B म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी या कामाच्या मुदतीत पूर्ण करायची रक्कम. उत्तर कामाच्या किमतीपेक्षा जास्त यायला हवं.

मुदत ६ महिने, म्हणून N हा ०.५. लोक तिथे ६ लिहितात किंवा १ धरतात आणि क्षमता भरघोस दिसते. छाननीत ती खाली येते. आमच्याकडे A होता ६८ लाख. ६८ गुणिले ०.५ गुणिले २, म्हणजे परत ६८ च. हातात दोन कामं शिल्लक होती. एकाचं ११ लाखांचं काम उरलेलं, तीन महिन्यांत संपणारं. दुसऱ्याचं २० लाखांचं उरलेलं, पण त्याला अजून १० महिने मुदत होती. ठेकेदारानं सरळ ३१ लाख वजा केले. उत्तर ३७ लाख. ४२ लाखांचं काम हातचं गेलं, असं म्हणून तो उठलाच होता.

B ची व्याख्या पुन्हा वाचली. या कामाच्या मुदतीत करायची रक्कम. २० लाखांपैकी १० महिन्यांतले ६ महिने धरले तर १२ लाख. ११ आणि १२ मिळून २३. ६८ वजा २३, म्हणजे ४५ लाख. पात्र. मात्र कोणतं काम किती शिल्लक आहे याचा दाखला त्या त्या कामाच्या अभियंत्याच्या सहीनं लावावा लागतो, आणि एखादं चालू काम यादीतून "विसरणं" हा प्रकार करू नये. खोटी माहिती आढळली तर बयाणा जप्त आणि नोंदणीवर कारवाई, हे त्याच पुस्तिकेत दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. त्याच कार्यालयाला तुमची सगळी कामं माहीत असतात, ही गोष्ट वेगळीच.

उलाढालीची अट त्यामानानं सोपी. तीन वर्षांची सरासरी मागितली आहे की कोणत्याही एका वर्षाची, एवढं बघा. सनदी लेखापालाच्या दाखल्यावर यूडिन क्रमांक असायला हवा.

तारखा: छापलेल्या आणि लपलेल्या

छापलेल्या तारखा टेंडरच्या पानावर `Critical Dates` या चौकटीत असतात. आपल्या कामात `Bid Submission End Date` १७ एप्रिल, दुपारी ३ होती. पीडीएफ नोटिशीत मात्र सायंकाळी ५ छापलं होतं. अशा वेळी पडद्यावरची वेळ धरा. पोर्टल ३ वाजता बंद होतं, त्याला पीडीएफमध्ये काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

शेवटची तारीख कळली की तिथून मागे मोजत यायचं. आम्ही ६ एप्रिलला बसलो होतो. निविदापूर्व बैठक ९ एप्रिलला, शंका त्याआधी लेखी द्यायच्या. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, बँक आणि कार्यालय दोन्ही बंद. म्हणजे कार्यकारी अभियंत्यांच्या सहीसाठी १३ तारीख ही आमची खरी शेवटची तारीख. बयाणा ऑनलाइन भरायचा, तोही दुसऱ्या बँकेतून एनईएफटीनं, म्हणून तो १५ ला. डिजिटल सहीची, म्हणजे डीएससीची, मुदत मे महिन्यात संपत होती, तेव्हा तिथे वाचलो. ती टोकनवरची तारीख टेंडर भरायच्या दिवशी तपासणारे फार भेटतात.

आणखी एक. सगळ्या फाईली चढवल्या म्हणजे टेंडर गेलं असं नाही. शेवटी `Freeze Bid` करावं लागतं आणि त्यानंतर पोचपावती निघते. पावती हातात नसेल तर टेंडर भरलेलं नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एकदा सगळं चढवून, चहा पिऊन घरी गेलो होतो. त्या ठेकेदारानं पुढचं वर्षभर माझ्याकडे काम दिलं नाही आणि ते बरोबरच होतं.

लपलेल्या तारखा म्हणजे ज्या "अमुक झाल्यापासून इतक्या दिवसांत" अशा लिहिलेल्या असतात. त्यांना कॅलेंडरवर बसवल्याशिवाय त्या काय म्हणतात ते कळत नाही. भरलेला दर १२० दिवस वैध राहील, असं पान ९ वर होतं. २० एप्रिलला लिफाफा उघडला तर १८ ऑगस्टपर्यंत आपण बांधलेले. मधे सिमेंट महागलं म्हणून माघार घेतली तर बयाणा जातो.

पण या कामातली खरी तारीख मुदतीच्या ओळीत होती. "६ महिने पावसाळ्यासह." काही टेंडरांत "पावसाळा वगळून" असतं. एका शब्दाचा फरक आणि सगळं काम बदलतं. बी-१ प्रमाणे मुदत कार्यारंभ आदेशाच्या दिवसापासून मोजतात. आदेश साधारण २० मेच्या आसपास निघेल असा अंदाज धरला तर मुदत २० नोव्हेंबरच्या सुमारास संपते, आणि त्यात जून ते सप्टेंबर आख्खा पावसाळा. गटारीसाठी खणलेला चर पाण्यानं भरणार, काँक्रीट ओतायला उघडीप शोधावी लागणार. कागदावरच्या सहा महिन्यांत निवांत काम करायचे महिने दोनच.

त्यात बी-१ च्या कलम २ मध्ये आणखी एक वाक्य असतं, जे जवळपास कुणी वाचत नाही. मुदत एक महिन्यापेक्षा जास्त असेल तर पाव मुदतीत पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धं काम आणि पाऊण मुदतीत पाऊण काम झालेलं हवं. १८४ दिवसांची पाव मुदत म्हणजे ४६ दिवस. २० मेपासून मोजलं तर ५ जुलै. तोवर साडेदहा लाखांचं काम झालेलं पाहिजे. २० ऑगस्टपर्यंत एकवीस लाखांचं. "दिवाळीनंतर एकदम उरकून टाकू" असा ज्याचा हिशेब असेल तो जुलैतच कलम २ खाली येतो, मुदत संपायच्या कितीतरी आधी.

पैसे कुठून जातील: टक्के सोडा, रुपये लिहा

आता तेच कलम २ पैशांच्या बाजूनं. कामाला उशीर झाला, किंवा आदेश मिळूनही काम सुरूच केलं नाही, तर दर दिवसाला अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत भरपाई, एकूण कमाल १० टक्के. १ टक्का ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात किती लावायचं ते अधीक्षक अभियंता ठरवतात, त्याहून कमीही लावू शकतात. पण वहीत वरचाच आकडा लिहा.

टक्के कशाचे, हे इथे बघायचं. उरलेल्या कामाचे नाहीत, तुम्ही भरलेल्या दराचेही नाहीत. संपूर्ण कामाच्या अंदाजित किमतीचे. म्हणजे ४२,००० रुपये रोज. दहा दिवसांत ४,२०,००० ची कमाल मर्यादा गाठली जाते. गटारीवरची शेवटची पन्नास मीटर झाकणं राहिली असली तरी हिशेब ४२ लाखांवरच. या कामात ८ टक्के सुटतील असं ठेकेदार म्हणत होता. ते होतात ३,३६,०००. दहा दिवसांचा उशीर सगळा नफा खाऊन वर खिशातले घेऊन जातो.

आणि इथे आम्हाला पुस्तिकेतच विसंगती सापडली. पान २३ वर विशेष अट १४ मध्ये विलंबासाठी रोज २,००० रुपये दंड लिहिला होता. पान ५८ वरच्या कलम २ मध्ये १ टक्का. ठेकेदाराचा जीव अर्थातच दोन हजारात. अशा वेळी पुस्तिकेत कोणता भाग वरचढ याचं वाक्य शोधायचं. ते असलं तर प्रश्न मिटतो. नसलं, तर आपल्या सोयीचा अर्थ धरून दर भरायचा नाही, लेखी विचारायचं. आम्ही निविदापूर्व बैठकीआधी एवढंच लिहून दिलं:

"पान २३ वरील विशेष अट क्र. १४ मध्ये विलंबासाठी प्रतिदिन रु. २,००० दंड नमूद आहे. पान ५८ वरील बी-१ नमुन्याच्या कलम २ नुसार अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत भरपाई नमूद आहे. यांपैकी कोणती तरतूद लागू राहील, की दोन्ही, याचा लेखी खुलासा व्हावा."

दोन पानं, दोन कलमं, एक प्रश्न. "दंड कमी करावा" अशी विनंती त्यात मिसळली असती तर उत्तर "निविदेतील अटीनुसार" एवढंच आलं असतं. बैठकीनंतर सामाईक खुलासे निघतात, ज्याला कार्यालयात सीएसडी म्हणतात, आणि ते पोर्टलवर चढतात. तेही टेंडरचा भाग होतात, सही करून जोडावे लागतात. आमच्या प्रश्नाचं उत्तर आलं: कलम २ लागू, विशेष अट १४ वगळण्यात येत आहे. दोन हजाराचं स्वप्न गेलं, पण दर भरायच्या आधी गेलं.

उशिराचं कारण आपलं नसेल तर कलम ६ आहे. मुदतवाढ मागता येते, पण अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा मुदत संपण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर, लेखी अर्ज द्यावा लागतो. पाण्याची लाईन मधे आली, अतिक्रमण निघालं नाही, की त्याच आठवड्यात पत्र द्या आणि आवक शिक्का घ्या. काम संपल्यावर सगळी कारणं एका अर्जात भरणाऱ्याच्या बाजूला फारसं काही उरत नाही.

दुसरी जागा, जिथे पैसा जप्त होत नाही पण अडकतो. जास्तीची सुरक्षा अनामत. या पुस्तिकेत असं होतं: दर १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर १ टक्का. त्यापुढे १५ टक्क्यांपर्यंत, दहाच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला आणखी १ टक्का. पंधराच्या वर गेलं की प्रत्येक टक्क्याला २ टक्के. लिफाफा उघडल्यापासून ८ दिवसांत डीडी द्यायचा, नाहीतर बयाणा जप्त.

ठेकेदाराच्या मनात १६ टक्के कमी होते. १ अधिक ५ अधिक २, म्हणजे ८ टक्के. ४२ लाखांवर ३,३६,००० रुपये, आठ दिवसांत, रोख. हे काम संपेपर्यंत परत यायचे नाहीत. ९ टक्के कमी भरले तर तीच अनामत ४२,०००. हा हिशेब लिहून दाखवल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एवढे पैसे असते तर मी काम कशाला शोधलं असतं?"

दोष दायित्वाचा कालावधी या कामाला दोन वर्षं होता. त्या काळात रस्ता उखडला तर स्वखर्चानं दुरुस्ती, नाही केली तर विभाग करून घेणार आणि अनामतीतून वळती करणार. रस्त्याच्या कामात ही ओळ खर्चात धरावीच लागते, विशेषतः भर पावसात काँक्रीट ओतायचं असेल तेव्हा.

शेवटी वहीतलं पान साधारण असं झालं:

| काय | पान / कलम | आपल्याला काय लागणार |
|---|---|---|
| समान काम १६,८०,००० | ११, १५, १७ | १४.५० × १.२१, का. अ. यांची सही, १३ एप्रिलपर्यंत |
| दर भरणं | पोर्टल | १७ एप्रिल दु. ३, पोचपावती |
| पाव काम १०,५०,००० | ५८, कलम २ | ५ जुलैपर्यंत |
| उशीर | ५८, कलम २ | रोज ४२,०००. कमाल ४,२०,००० |
| जास्तीची अनामत | ३१ | १६% कमी: ३,३६,०००, ९% कमी: ४२,०००, ८ दिवसांत |

हे पान तयार करायला आम्हाला पहिल्यांदा अडीच तास लागले. त्याच विभागाचं पुढचं टेंडर आलं तेव्हा चाळीस मिनिटं पुरली, कारण बी-१ ची छापील कलमं तीच असतात. बदलतात त्या विशेष अटी, पात्रतेची पानं आणि मुदतीपुढचे ते दोन शब्द, पावसाळ्यासह की वगळून.

या कामात त्यानं ९ टक्के कमी भरले. काम मिळालं नाही, १९ टक्के कमी भरणाऱ्याला गेलं. संध्याकाळी फोन आला. "दादा, १९ ला किती होतात हो?"

१ अधिक ५ अधिक ८. चौदा टक्के. ५,८८,००० रुपयांचा डीडी, आठ दिवसांत.

"बरं," तो म्हणाला, "उद्या येतो. समाजमंदिराचं एक निघालंय, ते बघू."